मोका पॉट गळतो किंवा कॉफी उडवतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या इटलीतील कारखान्यातून १९३३ साली बाहेर पडलेल्या अष्टकोनी ॲल्युमिनियमच्या मोका पॉटची रचना आजही जवळजवळ तशीच आहे. खाली पाण्याचे भांडे व त्याच्या बाजूला छोटा सुरक्षा व्हॉल्व्ह, त्यात लांब नळीचे फनेल, वरच्या भांड्याच्या तळाशी जाळीची चकती आणि ती धरून ठेवणारे गोल गॅस्केट, एवढेच त्याचे भाग. पुढील उत्तरे अशा साध्या, गॅसवर ठेवायच्या ॲल्युमिनियमच्या पॉटला धरून लिहिली आहेत. स्टीलच्या पॉटलाही ती बहुतांशी लागू पडतात.

गळती नेमकी कुठून होते आहे, हे कसे ओळखावे?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एवढे एकच नीट पाहावे, कारण गळतीची जागा कळली की निम्मे निदान झालेले असते. पॉट बाहेरून पूर्ण कोरडा पुसून मंद आचेवर ठेवावा, झाकण उघडे ठेवावे आणि बाजूने पाहत राहावे. दोन्ही भांडी जिथे एकमेकांत फिरतात त्या सांध्यावर बुडबुडे किंवा तपकिरी थेंब दिसू लागले, तर दोष गॅस्केट, फनेलचा काठ, आटे किंवा घट्टपणा यांपैकी कशात तरी आहे. बाजूच्या व्हॉल्व्हमधून वाफ सुटत असेल, तर बहुधा वर जाण्याची वाट तुंबली आहे किंवा व्हॉल्व्ह स्वतः खराब झाला आहे. सांधा आणि व्हॉल्व्ह दोन्ही कोरडे असूनही वरच्या नळीतून कॉफी शिंतोडे उडवीत असेल, तर आधी आचेकडे आणि पाण्याच्या पातळीकडे पाहावे.

थेंबांचा रंगही उपयोगी पडतो. सांध्यातून स्वच्छ पाणी किंवा नुसती वाफ येत असेल, तर ती खालच्या भांड्यातून थेट बाहेर पडते आहे, म्हणजे काठावरची बसण बिघडली आहे. तपकिरी पाणी येत असेल, तर ते कॉफीच्या थरातून वर जाऊन मग बाजूला निसटते आहे. अशा वेळी गॅस्केटची आतली कड आणि जाळीच्या चकतीची बैठक आधी तपासावी.

गळणे आणि उडणे हे दोन वेगळे दोष आहेत का?

पुष्कळदा तो एकच दोष असतो. खालचे भांडे तापू लागले की पाण्याच्या वर कोंडलेली हवा आणि तयार होणारी वाफ यांचा दाब वाढतो आणि तो पाण्याला फनेलच्या नळीतून वर ढकलतो. हा दाब फारसा नसतो, साधारण एक ते दोन बार. एस्प्रेसो यंत्रात तो नऊ बारच्या आसपास असतो. सांधा घट्ट असेल तर पाणी खळखळून उकळण्याच्या आतच ते वर चढू लागते आणि कॉफीची धार संथ, दाट अशी येते. सांध्यातून थोडी हवा जरी निसटत राहिली, तरी दाब वेळेवर तयार होत नाही. मग पाणी जोराने उकळू लागेपर्यंत वर काहीच येत नाही, आणि येते तेव्हा पाण्याबरोबर वाफही घुसते. तीच नळीतून फुरफुरत बाहेर पडते. म्हणून कॉफी उशिरा आली, उडत आली, प्रमाणाने कमी आली आणि शेवटी खालच्या भांड्यात बरेच पाणी उरले, अशी चारही लक्षणे एकत्र दिसली, तर बाहेर एकही थेंब दिसत नसला तरी सांध्यावर संशय घ्यावा.

पॉट गॅसवर असताना गळू लागला, तर तेव्हाच थोडा आवळता येईल का?

नाही. आधी गॅस बंद करावा. तापलेल्या पॉटला हात लावून फिरवण्याच्या प्रयत्नात सांधा चुकून सैल झाला, तर दाबाखालचे उकळते पाणी थेट हातावर येते. पॉट शेगडीवरच राहू द्यावा, वाफेचा आवाज पूर्ण थांबू द्यावा आणि खालचे भांडे हाताला सहज धरता येईल इतके निवल्यावरच तो उघडावा. घाई असेल तर निवू लागलेल्या पॉटचा तळ गार पाण्याच्या धारेखाली धरता येतो, पण वाफ सुटत असताना तोही प्रयत्न करू नये.

दोष गॅस्केटचा आहे की कॉफीचा, हे घरी तपासता येते का?

येते, आणि त्यासाठी फक्त पाणी लागते. खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालच्या कडेपर्यंत पाणी भरावे, फनेल रिकामेच ठेवून पॉट नेहमीसारखा बंद करावा आणि मंद आचेवर ठेवावा. कॉफी नसल्यामुळे पाण्याला अडथळा नसतो आणि दाब अगदी थोडा राहतो. एवढ्या दाबालाही सांध्यातून थेंब आले, तर कॉफीचा काही संबंध नाही. गॅस्केट, काठ, आटे किंवा घट्टपणा यांतच दोष आहे. नुसत्या पाण्याला सांधा कोरडा राहिला आणि कॉफी भरल्यावर गळू लागला, तर पूड फार बारीक आहे, ती दाबून भरली आहे किंवा जाळी तुंबली आहे, आणि त्यामुळे दाब नेहमीपेक्षा जास्त वाढून सांध्यावर येतो आहे. गॅस्केट जुनाट होऊ लागले असेल तर तेही अशा वेळीच प्रथम हार मानते, म्हणून दुसऱ्या निकालानंतरही ते एकदा काढून पाहावेच.

गॅस्केट कसे काढावे आणि त्यात काय पाहावे?

वरचे भांडे उलटे धरल्यावर दिसणारी पांढरी किंवा करडी गोल कडी म्हणजे गॅस्केट. ते जाळीच्या चकतीला जागेवर धरून ठेवते. चमच्याचा बोथट दांडा किंवा लाकडी काडी त्याच्या आतल्या कडेखाली घालून हळूहळू सर्व बाजूंनी उचलावे. सुरीचे टोक वापरू नये. मऊ ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडाही पुढे गळतीची वाट होऊ शकतो. गॅस्केटबरोबर चकतीही सुटते, म्हणून तिची कोणती बाजू खाली होती हे आधी पाहून ठेवावे.

गॅस्केटवर फनेलच्या काठाचा हलका ठसा असणे स्वाभाविक आहे. तो ठसा खोल चर झाला असेल, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा रबर नखाने दाबल्यावर मुळीच दबत नसेल, तर ते बदलावे. काही जण असे गॅस्केट उलटे करून बसवतात. नवे मिळेपर्यंत चार दिवस ही युक्ती चालते, पण कडक झालेले रबर उलटे केल्याने मऊ होत नाही. रोज वापर असेल तर साधारण वर्षभराने गॅस्केट पाहावे. ज्या घरी पॉट मोठ्या आचेवर ठेवला जातो तिथे ते बरेच आधी कडक होते.

गॅस्केट निघालेच आहे, तर चकतीच्या मागची पोकळीही पाहून घ्यावी. तिथे जुन्या कॉफीचा काळा, तेलकट थर हमखास सापडतो. चकती उजेडासमोर धरून सर्व छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे आणि बुजलेली छिद्रे ब्रशने किंवा बारीक सुईने मोकळी करावीत. त्यानंतर आधी चकती आणि मग गॅस्केट अशा क्रमाने बोटांनी सारखा दाब देत बसवावे. गॅस्केट खाचेत सर्व बाजूंनी एका पातळीत बसले पाहिजे. कुठे फुगून वर आले, तर ते तिथेच चिरडते.

नवे गॅस्केट घेताना माप कसे ठरवावे?

“तीन कपांचे” किंवा “सहा कपांचे” एवढे सांगणे पुरत नाही, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या तीन कपांच्या पॉटचे व्यास थोडे वेगळे असू शकतात. जुन्या गॅस्केटचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. जुने गॅस्केट आकसलेले किंवा ताणलेले असल्यास वरच्या भांड्यातील खाचच मोजणे अधिक खात्रीचे ठरते. जाडीकडे सहसा दुर्लक्ष होते. पातळ गॅस्केट बसते छान, पण काठाला पुरेसे टेकत नाही, आणि जाड गॅस्केटमुळे आटे पुरते फिरण्याआधीच पॉट घट्ट झाल्यासारखा वाटतो. सिलिकोनचे गॅस्केट साध्या रबरापेक्षा उष्णता अधिक सोसते आणि हाताला मऊ लागते. माप बरोबर असेल तर ते घ्यायला हरकत नाही. कुकरची रिंग कापून किंवा नळाचा वायसर घासून बसवण्याचे प्रयोग मात्र करू नयेत. जोड असलेली किंवा असमान जाडीची कडी हा सांधा धरू शकत नाही, आणि नळाच्या वायसरचे रबर उकळत्या कॉफीसाठी बनवलेले नसते.

नवे गॅस्केट बसवले तरी एकाच जागेवरून गळते. आता काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त त्रास देतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. तीन कपांचा एक पॉट आहे. त्यात सुमारे १५० मिलिलिटर पाणी भरले जाते, पण वर जेमतेम अर्धी कॉफी येते, तीही उडत, आणि हँडलच्या डाव्या बाजूला सांध्यावर फेस दिसतो. नुसत्या पाण्याची चाचणी केली असता तिथेच थेंब येतात, म्हणजे कॉफीच्या पुडीला दोष देता येत नाही. गॅस्केट काढल्यावर ते कडक आणि खोल चर पडलेले निघाले, म्हणून योग्य मापाचे नवे बसवले. फेस कमी झाला, पण गेला नाही.

इथे पुष्कळ जण पॉट आणखी जोराने आवळू लागतात. त्याऐवजी दुसऱ्या खेपेला पॉट बंद करताना फनेल त्याच्या जागी अर्धा फेरा फिरवून ठेवावे. गळतीची जागा फनेलबरोबर सरकली, तर दोष फनेलच्या काठात आहे; ती हँडलजवळच राहिली, तर वरच्या किंवा खालच्या भांड्यात आहे. या पॉटमध्ये गळती उजवीकडे सरकली. मग फनेल उलटे करून काठावर, आरशाच्या काचेवर ठेवले आणि बोटाने हलके दाबले, तेव्हा ते एका बाजूला डुगडुगले. काठाला जेमतेम नखाएवढा पोचा होता. चोथा काढण्यासाठी फनेल रोज सिंकच्या कडेवर आपटले जात होते, आणि मऊ ॲल्युमिनियमचा पातळ काठ हळूहळू आत दबत गेला होता. गॅस्केट याच काठावर दाबून बसते. काठ सपाट नसेल तर नवेकोरे गॅस्केटही ती फट बुजवू शकत नाही.

अगदी किरकोळ पोचा असेल तर फनेलचा काठ लाकडी फळीवर ठेवून लाकडी दांड्याने हलक्या हाताने सरळ करून पाहता येतो. तो काचेवर न हलता बसला तर काम झाले. न जमल्यास त्याच मापाचे फनेल घ्यावे. पुष्कळ कंपन्या ते गॅस्केटसारखेच सुटे विकतात. यापुढे चोथा मात्र फुंकर मारून किंवा चमच्याने काढावा.

फनेल फिरवूनही गळतीची जागा बदलली नाही, तर खालच्या भांड्याच्या काठावरून बोट फिरवावे. तिथे पांढरट खड्डे किंवा खरखर लागली, तर ॲल्युमिनियम गंजले आहे. चिकटलेला थर निघाल्यावर काठ गुळगुळीत लागला तर ठीक. खड्डे धातूतच पडले असतील तर ते घासून काढण्याच्या नादात काठाची पातळी बिघडते.

पॉट किती घट्ट आवळावा?

दोन्ही भांडी सरळ एका रेषेत धरून आधी हलकेच फिरवावीत. आटे तिरके चढले तर सुरुवातीलाच अडल्यासारखे लागते, आणि तेव्हा जोर न लावता उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करावी. गॅस्केट टेकल्याचे हाताला जाणवले की त्यापुढे मनगटाच्या जोराने जेवढे सहज फिरेल तेवढे पुरे. दुसऱ्या हाताने वरच्या भांड्याचे अंग धरावे, हँडल नव्हे. हँडल धरून पिळले की जोर वाढतो खरा, पण तो हँडलच्या जोडावर येतो आणि तिथेच ते तुटते.

बंद करण्यापूर्वी फनेलचा काठ आणि आटे कोरड्या बोटाने पुसून घ्यावेत. कॉफीचे चार कणसुद्धा गॅस्केटखाली सापडले तर त्या जागी वाट उघडी राहते, आणि कालपर्यंत ठीक असलेला पॉट आज अचानक गळू लागण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. खालच्या भांड्यात उकळते पाणी भरणाऱ्यांचा पॉटही अनेकदा याच टप्प्यावर फसतो, कारण तापलेले भांडे चटका लागू नये म्हणून अर्धवटच आवळले जाते. ती पद्धत वापरायची असेल तर जाड, कोरड्या फडक्यात खालचे भांडे पक्के धरूनच पॉट बंद करावा.

व्हॉल्व्हमधून वाफ येते. व्हॉल्व्ह बदलावा का?

लगेच नाही. वाट तुंबली म्हणून दाब वाढला असेल, तर व्हॉल्व्हने वाफ सोडणे हे त्याचे कामच आहे. गॅस बंद करून पॉट निवू द्यावा आणि मग फनेल उघडून पाहावे. पुडीचा थर घट्ट चिखलासारखा झाला असेल आणि वर कॉफी जवळजवळ आलीच नसेल, तर दोष पुडीचा आहे. पाणी व्हॉल्व्हच्या वरपर्यंत भरले असेल तर व्हॉल्व्हमधून वाफेऐवजी गरम पाणी उडते, आणि ते अधिक धोक्याचे असते; पाण्याची पातळी नेहमी व्हॉल्व्हच्या खालीच हवी.

पूड योग्य, पाणी योग्य, वर कॉफीही नीट येते आणि तरीही प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह फुसफुसतो, तेव्हा मात्र तो स्वतःच गळतो आहे. काही व्हॉल्व्हच्या मध्यभागी बारीक पितळी दांडी दिसते. ती बोटाने थोडी मागेपुढे हलली पाहिजे. बोअरिंगच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर तिथे साचला तर दांडी अडकते, किंवा पूर्ण बसत नाही. दांडी हलते आहे एवढेच घरी कळते. व्हॉल्व्ह नेमक्या किती दाबाला उघडेल हे तपासण्याची घरगुती सोय नाही. म्हणून थर काढूनही दांडी अडत असेल, तर त्याच पॉटसाठीचा व्हॉल्व्ह कंपनीकडून मिळतो का ते पाहावे, अन्यथा पॉट वापरणे थांबवावे. गळणारा व्हॉल्व्ह एम-सीलने किंवा स्क्रूने बंद करणे म्हणजे शेगडीवर बंद डबा तापवणे होय. ते कधीही करू नये.

दुकानातील फिल्टर कॉफीची पूड चालते का?

आपल्याकडे मिळणारी दाक्षिणात्य पद्धतीची फिल्टर कॉफी पुष्कळदा बारीक दळलेली असते आणि तिच्यात चिकोरी असते. चिकोरी भिजल्यावर पाणी धरून ठेवते आणि थर चिकट करते. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये कॉफी थेंबथेंब उतरायची असते, त्यामुळे तिथे हा गुण उपयोगी पडतो. मोका पॉटमध्ये मात्र त्याच थराआड दाब साठत जातो. चिकोरीविरहित, थोडी जाडसर पूड घ्यावी. बोटांत चोळल्यावर कण स्पष्ट जाणवले पाहिजेत. ती फनेलमध्ये काठोकाठ भरून वरून फक्त सपाट करावी. चमच्याने दाबू नये. एस्प्रेसो यंत्रात पूड ठोकून बसवतात हे पाहून इथेही तसे करणाऱ्यांचे पॉट सांध्यातून गळतात, आणि दोष बिचाऱ्या गॅस्केटवर जातो.

कुठेच गळत नाही, तरी कॉफी शेगडीभर उडते. का?

शेवटी थोडे फुरफुरणे हा दोष नाही. खालचे पाणी फनेलच्या नळीच्या टोकाखाली गेले की नळीतून वाफच वर येऊ लागते. धार फिकट होऊन फुरफुर सुरू होताच पॉट आचेवरून उतरवावा, म्हणजे शिंतोडेही थांबतात आणि कडवटपणाही कमी राहतो.

सुरुवातीपासूनच उडत असेल तर आच मोठी आहे. घरगुती गॅसचा सर्वांत लहान बर्नर घ्यावा आणि ज्योत पॉटच्या तळाच्या बाहेर येऊ देऊ नये; बाजूने चढणाऱ्या ज्योतीने हँडल आणि गॅस्केट दोन्ही भाजतात. लहान पॉट शेगडीच्या दांड्यांवर डगमगत असेल तर वर लोखंडी जाळी ठेवावी. दुसरे कारण कमी पाणी. सहा कपांच्या पॉटमध्ये तीन कपांपुरते पाणी आणि पूड घातली की पाण्यावर हवेची पोकळी मोठी राहते, पाणी लवकर नळीच्या टोकाखाली जाते आणि अर्धवट भरलेल्या फनेलमधील सैल पूड पाण्याला सारखा अडथळा करीत नाही. अर्ध्या मापात हा पॉट नीट चालत नाही. कमी कॉफी हवी असेल तर लहान पॉट घेणे हाच उपाय.

क्षाराचा थर कसा काढावा?

खालच्या भांड्यात पाणी आणि एक चमचा व्हिनेगर किंवा चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, कॉफी न भरता पॉट एकदा मंद आचेवर चालवावा. नंतर साध्या पाण्याने तसाच एकदा चालवून ते पाणी फेकून द्यावे. आंबट पाणी ॲल्युमिनियममध्ये रात्रभर ठेवू नये. सोडा आणि डिशवॉशरची पावडर टाळावी, कारण क्षारी पदार्थांनी ॲल्युमिनियम काळे पडते आणि काठ खराब होतो. रोज वापरानंतर नुसत्या पाण्याने धुऊन भाग सुटे वाळवावेत. ओला पॉट आवळून ठेवला की काठ गंजतो आणि गॅस्केट दबलेलेच राहते.

पॉट टाकून कधी द्यावा?

खालच्या भांड्याला चीर गेली असेल, आटे झिजून भांडी घट्ट होण्याऐवजी निसटून फिरत असतील, काठावरचे खड्डे धातूत खोल गेले असतील किंवा खराब व्हॉल्व्ह बदलून मिळत नसेल, तर तो पॉट पुन्हा शेगडीवर ठेवू नये. गॅस्केट, चकती आणि फनेल हे तीन भाग मात्र बदलण्यासाठीच असतात. त्यांच्यापायी चांगले भांडे मोडीत काढण्याची गरज नाही.